प्रतिसाद: अ‍ॅल्युमिनियमचा यील्ड पॉइंट

"फोटोतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्ट्रेस-स्ट्रेन ग्राफात यील्ड पॉइंट दिसतच नाही. कुठला घ्यायचा?"

०.२ टक्के ऑफसेटचा. फोटो तिरका असेल तर आधी अक्ष काटकोनात आणा. पारदर्शक पट्टी हवी, म्हापशात कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळेल. तुमच्या सरळ भागात ०.२ टक्के स्ट्रेनला १४० एमपीए स्ट्रेस दिसतो, म्हणजे मॉड्युलस १४० भागिले ०.००२, ७० जीपीए. (०.७ आला तर टक्क्याचे शंभर विसरलात!) आता आडव्या अक्षावर ०.२ टक्क्यापासून त्याच भागाला समांतर रेष ओढा. ती वक्राला २७० एमपीएजवळ छेदते, तीच यील्ड स्ट्रेंथ.

इलॅस्टिक लिमिट मात्र नुसत्या वक्रावरून नेमकी सांगता येत नाही. त्यासाठी भार काढून नमुना मूळ लांबीवर येतो का ते पाहावं लागतं. सरळ भागावर ठेवलेली पट्टी वक्र जिथे सोडतो ती प्रपोर्शनल लिमिट.