मदत हवी आहे: ऑटोमॅटिक एसएमएस चुकीच्या सिमवरून जातोय

पाटाचं_पाणी: शेतातल्या मोटरला मोबाईल स्टार्टर आहे, नोंदवलेल्या नंबरवरून एसएमएस आला तरच मोटर चालू करतो. नंबर नोंदवलाय तो माझ्या सिम २ चा. या आठवड्यात लाईट रात्रीची म्हणून टर्मक्समध्ये रात्री २ चा मेसेज लावलाय, तो रोज जातो पण सिम १ वरून, स्टार्टर ओळखच देत नाही आणि सकाळी जाऊन बघतो तर हरभऱ्याचे वाफे कोरडे. सिम कुठं निवडायचं?

गणेश_लातूर: सेटिंगमध्ये सिमकार्ड उघडा, एसएमएससाठी सिम २ डिफॉल्ट करा, झालं काम.

पाटाचं_पाणी: केलं होतं भाऊ, पण मग दुकानाच्या गिऱ्हाइकांना नवीन मेसेज पण सिम २ वरून जायला लागले, ते नको.

मीनल_ताई: माझं पण असंच, कॉल नेहमी दुसऱ्याच सिमवरून लागतो, काही उपाय?

रात्रपाळी: ताई, कॉलचं सिम वेगळं निवडायचं असतं, त्याच सिमकार्डच्या पानावर आहे. पाटाचं_पाणी, सिम सांगितलं नाही की टर्मक्स डिफॉल्टवरून पाठवतं. कमांडमध्येच -s टाका, डिफॉल्टला हात लावायची गरज नाही. मेसेजेस ॲपमध्ये लिहायच्या चौकटीत सिमचं चिन्ह असतं, ते बदलून पाठवायचं बटण दाबून धरलं की वेळ लावता येते, पण तिथं रोज आपोआप जाणारा मेसेज लागत नाही, म्हणून तुमचा टर्मक्सचाच मार्ग बरोबर.

पाटाचं_पाणी: -s 2 टाकलं, आता मेसेज जातच नाही आणि एररपण दाखवत नाही 😟

रात्रपाळी: इथंच सगळे फसतात. मोजणी शून्यापासून आहे, सिम १ म्हणजे 0 आणि सिम २ म्हणजे 1. नसलेला नंबर दिला की ते गप्प बसतं. टर्मक्स एपीआय ॲपला फोनची परवानगी नसेल तरी असंच गप्प बसतं, ती पण बघून घ्या.

```
termux-sms-send -s 1 -n 98XXXXXXXX "MOTOR ON"
```

आधी स्टार्टरऐवजी घरातल्या कुणाच्या तरी फोनवर पाठवा आणि तिथं कुठला नंबर उमटतो ते बघा, आपल्या फोनवर नुसतं 'गेला' दिसण्यावर जाऊ नका. आणि सिमच्या जागा अदलाबदल केल्या तर हा आकडा पण बदलावा लागेल, कारण तो खाचेचा आहे, नंबरचा नाही.

पाटाचं_पाणी: परवानगीच दिलेली नव्हती! दिली, 1 केलं, बायकोच्या फोनवर सिम २ चा नंबर आला. रात्री मोटर चालू झाली, पण २ ऐवजी २:४० ला, लाईट होती तरी. बॅटरीची बचत बंद केलीय, termux-wake-lock पण लावलंय. अजून कुणाला असा उशीर होतोय का?

गणेश_लातूर: माझ्याकडं पण होतो, फोन चार्जिंगला असला की कमी. कारण नाही सापडलं.