शब्दचर्चा: ‘अडथळा झाला’ की ‘अडथळा आणला’? आणि ‘चेंडू टाकण्याआधी’ म्हणजे नेमकं कधी?

दांडियाबाजारकर:
आमच्या बडोद्यातल्या मंडळाच्या क्रिकेट स्पर्धेचं नियमपत्रक मराठीत लिहून काढायचं आहे. दोन ओळींवर गाडी अडली आहे.

पहिली: ‘गोलंदाजाने चेंडू टाकण्याआधी क्रीज सोडल्यास नॉनस्ट्रायकर मांकडिंगने बाद.’
दुसरी: ‘क्षेत्ररक्षणाला अडथळा झाल्यास फलंदाज बाद.’

मैदानावर निम्मी भांडणं याच दोन ओळींवरून होतात. इथे भाषेचे आणि क्रिकेटचे दोन्ही जाणकार आहेत म्हणून विचारतो. शब्दांत चूक आहे का?

मोतीबाग:
पहिल्या ओळीत ‘एकदा ताकीद दिल्यानंतर’ हे शब्द राहिलेत. ताकीद न देता बाद करता येत नाही. खुद्द विनू मांकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला आधी ताकीद दिली होती. आणि ‘मांकडिंग’ हा शब्द तर काढूनच टाका. एवढ्या मोठ्या खेळाडूचं आडनाव खोडीला कशाला चिकटवायचं? गावसकरांनीही त्यावर आक्षेप घेतला आहे. शिवाय पोरांच्या तोंडी अनुस्वार गळला की त्याचं ‘माकडिंग’ होतं ते वेगळंच.

रामबागचा पंच (इंदूर):
शब्द काढण्याबद्दल सहमत, ताकिदीबद्दल नाही. १९४७च्या त्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात मांकड यांनी ब्राउनला दोनदा बाद केलं. कसोटीआधीच्या सामन्यात ताकीद देऊन, आणि डिसेंबरात सिडनी कसोटीत ताकीद न देता. ब्रॅडमन तेव्हा ऑस्ट्रेलियाचे कर्णधार होते आणि त्यांनी मांकड यांचीच बाजू घेतली. ताकीद हा शिष्टाचार आहे. नियमात ती तेव्हाही नव्हती, आजही नाही. पत्रकात घातलीत तर नवं भांडण विकत घ्याल: ताकीद एका फलंदाजाला की सगळ्या संघाला? एकदाच की दर षटकात?

२०२२च्या ऑक्टोबरपासून हा प्रकार ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून सरळ धावबादच्या कलमात घातला आहे. म्हणून ‘नॉनस्ट्रायकर धावबाद’ पुरे. नावच नियमातल्या जागेशी जुळलं की ‘हे खिलाडूवृत्तीला धरून नाही’ हा वाद निदान नावातून तरी जातो.

खरी चूक ‘चेंडू टाकण्याआधी’ या शब्दांत आहे. ती मोठी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोलंदाज धावत आला, उडी घेतली, हात वर गेला, उभ्या रेषेच्या पुढेही गेला, पण चेंडू सोडलाच नाही. वळून बेल्स उडवल्या. नॉनस्ट्रायकर क्रीजबाहेर. तुमच्या ओळीप्रमाणे चेंडू ‘टाकलेला’ नाही, म्हणजे बाद. नियमाप्रमाणे नाबाद. नियम विचारतो की गोलंदाजाने चेंडू सोडणं साधारणपणे कधी अपेक्षित होतं. त्या क्षणापर्यंतच नॉनस्ट्रायकरला बाद करता येतं. चेंडू हातात राहिला म्हणून वेळ वाढत नाही.

हेच ३ जानेवारी २०२३ला मेलबर्नला बिग बॅशमध्ये झालं. ॲडम झॅम्पाने टॉम रॉजर्सला असं बाद करायचा प्रयत्न केला. रॉजर्स बाहेर होता यात वाद नव्हता, पण झॅम्पाचा हात उभ्या रेषेपलीकडे गेला होता, म्हणून तिसऱ्या पंचाने नाबाद दिलं. लोक गोंधळले, कारण सगळ्यांच्या डोक्यात तुमचीच ओळ होती. मग क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने त्याच महिन्यात शब्दरचना स्पष्ट केली: हात नेहमीच्या शैलीत सर्वांत उंच बिंदूला पोहोचतो, तो हा क्षण. तिथे पोहोचल्यावर संधी संपली, मग नॉनस्ट्रायकर आधीच निघालेला असला तरी.

म्हणून लिहा: ‘गोलंदाजाचा हात सर्वांत उंच जायच्या आत, नॉनस्ट्रायकर क्रीजबाहेर असताना, गोलंदाजाने यष्ट्या मोडल्या तर नॉनस्ट्रायकर धावबाद.’

लष्कर-ग्वाल्हेर:
मग अश्विन आणि बटलरचं काय? त्यात तर अश्विनचा हात वर गेलाच नव्हता. तरी एवढा गदारोळ झाला.

रामबागचा पंच (इंदूर):
त्यात घोळ निराळा होता. २५ मार्च २०१९, जयपूर. अश्विन क्रीजपर्यंत आला आणि थांबला. तो थांबला त्या वेळी बटलर बाहेर नव्हता, नंतर गेला, असं एका बाजूचं म्हणणं. थांबण्यामुळेच तो बाहेर गेला, असं दुसऱ्या बाजूचं. तेव्हा ‘चेंडू सोडणं अपेक्षित असलेला क्षण’ कुठे संपतो हे कुठेच ठरलेलं नव्हतं. एमसीसीने आधी पंचांच्या बाद देण्याच्या निर्णयाची पाठराखण केली आणि नंतर म्हटलं की थांबणं फार लांबलं. एकाच संस्थेची दोन मतं निघाली, यावरून शब्द किती सैल होते ते बघा. हाताच्या उंचीची खूण त्यानंतर आली.

दीप्ती शर्माचं लॉर्ड्सवरचं (सप्टेंबर २०२२) त्याहून साफ होतं. इंग्लंडला १७ धावा हव्या होत्या, शेवटची जोडी होती. चार्ली डीन गोलंदाजाकडे न बघताच निघायची. दीप्तीचा हात वर जायच्या आत बेल्स पडल्या. नियमाचा प्रश्नच नव्हता, वाद पूर्ण रीतीचा.

स्कोअररताई:
वहीबद्दल दोन ओळी लिहिते, कारण तिथेही गडबड होते. बळी गोलंदाजाच्या नावावर जात नाही, नुसतं ‘धावबाद’ लिहायचं. तो चेंडू षटकात धरायचा नाही, कारण तो टाकलाच गेला नाही. षटकात चार चेंडू झाले असतील तर अजून दोनच बाकी. स्ट्रायकरच्या नावावरही चेंडू लागत नाही. यष्ट्या मोडूनही नाबाद ठरला तर पंच डेड बॉल देतात, तरी हिशेब तोच. अशा वेळी सहावा चेंडू झाला म्हणून षटक बदलणारे भेटतात, सांभाळा.

मोतीबाग:
ठीक आहे. पण पंच साहेब, आमच्याकडे तिसरा पंच नसतो. हाताची उंची आणि क्रीज दोन्ही एकाच वेळी कोण बघणार?

रामबागचा पंच (इंदूर):
खरी अडचण सांगितलीत. मुख्य पंचाची नजर गोलंदाजाच्या पुढच्या पायावर असते. तीच नजर हातावर आणि नॉनस्ट्रायकरच्या बॅटवर एकाच क्षणी नेता येत नाही. कॅमेरा नसेल तर मी एवढंच बघतो: गोलंदाजाने कृती मधेच तोडून हात खाली असतानाच बेल्स उडवल्या का, आणि फलंदाज उघड उघड बाहेर होता का. दोन्ही स्वच्छ दिसलं तरच बाद. हात खांद्याच्या वर गेल्यावर कोणी वळला तर शंकेचा फायदा फलंदाजाला. दुसरा पंच याला अतिसावध म्हणेल, म्हणू दे.

दांडियाबाजारकर:
पहिली ओळ समजली. आता दुसरी.

लष्कर-ग्वाल्हेर:
दुसरीबद्दल माझा प्रश्न. आमच्याकडे थ्रो धावणाऱ्या फलंदाजाच्या बॅटला लागून सीमेपार गेला. क्षेत्ररक्षणाला अडथळा झाला म्हणून त्याला बाद दिलं. तुमच्या ओळीत हेच तर लिहिलंय.

रामबागचा पंच (इंदूर):
आणि तेच चुकलं. तो फलंदाज नाबाद होता आणि चौकार मिळायला हवा होता. २०१९च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्टोक्सच्या बॅटला लागून चेंडू सीमेपार गेला, तो आठवा. कोणी त्याला बाद मागितलं नाही, कारण बॅट चेंडूच्या आड नकळत आली होती.

तुमच्या ओळीतला दोष क्रियापदात आहे. अडथळा ‘होतो’ तेव्हा कर्ता लागत नाही, दगडानेही होतो. नियमाला ‘आणलेला’ अडथळा हवा आहे, आणि तोही मुद्दाम. बोलून किंवा कृतीने, झेल असो वा धावबाद, फलंदाजाने हेतुपुरस्सर प्रयत्न केला पाहिजे. नुसता प्रयत्न पुरतो, यशस्वी झालाच पाहिजे असं नाही. नकळत लागला, किंवा अंगावर येणारा चेंडू चुकवताना लागला, तर नाबाद.

मोतीबाग:
म्हणजे आमच्या युसूफला २०१३च्या आयपीएलमध्ये बाद दिलं ते चुकीचं? पाय तर चालता चालता लागतोच.

रामबागचा पंच (इंदूर):
पाय लागला म्हणून बाद दिलं नाही. वेन पार्नेल चेंडूकडे येत असताना युसूफने तो पायाने मुद्दाम ढकलला, असं पंचांनी ठरवलं म्हणून दिलं. मोहिंदर अमरनाथ १९८९मध्ये अहमदाबादला श्रीलंकेविरुद्ध असेच बाद झाले, तेही चेंडूला पाय मारून. तुम्हाला युसूफबद्दल पंचांचं मत पटणार नाही, ते ठीक. वाद तिथेच आहे. डोक्यातला हेतू दिसत नाही, तो हालचालीवरून काढावा लागतो.

मी तीन गोष्टी बघतो. चेंडू येतोय हे फलंदाजाला दिसलं होतं का. हात किंवा पाय शरीराच्या नैसर्गिक धावण्यात जिथे असतो त्यापासून किती दूर गेला. आणि त्यामुळे त्याला काही मिळणार होतं का, म्हणजे तो क्रीजबाहेर होता का. लॉर्ड्सवर २०१५मध्ये स्टार्कच्या थ्रोला स्टोक्सचा हात लागला. काहींनी म्हटलं तो स्वतःला वाचवत होता, तिसऱ्या पंचाने बाद दिलं. संथ गतीत बघितलं की कोणतीही झटपट हालचाल विचारपूर्वक केल्यासारखी दिसते. म्हणून खऱ्या वेगात एकदा बघावंच.

स्कोअररताई:
मुद्दा मान्य, पण जडेजाच्या वेळी ‘मुद्दाम’ कुठे सिद्ध झालं? मे २०२४, चेपॉक. दुसरी धाव घ्यायला निघाला, परत पाठवलं, वळला आणि पाठीवर सॅमसनचा थ्रो लागला. त्याने चेंडू बघितलाही नसेल.

रामबागचा पंच (इंदूर):
ताई, तिथे आणखी एक ओळ लागते, ती एमसीसीच्या मूळ नियमात अशी नाही. आंतरराष्ट्रीय मर्यादित षटकांच्या आणि आयपीएलच्या अटींत आहे: धावताना फलंदाजाने सबळ कारणाशिवाय दिशा लक्षणीय बदलली आणि त्यामुळे धावबादचा प्रयत्न अडला, तर अपिलावर बाद. तो नाहीतर धावबाद झाला असता का, हे बघायचंच नाही. जडेजा वळून यष्ट्यांच्या रेषेत आला, म्हणून दिला. त्या ओळीत हेतू दिशेवरून गृहीत धरला जातो. मला ती फार आवडत नाही, पण पंचाचं काम सोपं करते.

दांडियाबाजारकर:
मग आमच्या पत्रकात ही ओळ घ्यायची का?

मोतीबाग:
घ्या. नाहीतर प्रत्येक जण खेळपट्टीवरून नागमोडी धावेल.

लष्कर-ग्वाल्हेर:
घेऊ नका. टेनिस बॉलच्या मैदानावर खड्डा चुकवायलाही माणूस दिशा बदलतो.

रामबागचा पंच (इंदूर):
घेतलीत तर ‘लक्षणीय’ आणि ‘सबळ कारण’ हे दोन्ही शब्द ठेवा, नुसतं ‘दिशा बदलल्यास’ नको. दुसरी ओळ माझ्या मते अशी: ‘फलंदाजाने मुद्दाम, बोलून किंवा कृतीने, क्षेत्ररक्षकांना अडथळा आणल्यास किंवा त्यांचं लक्ष विचलित केल्यास, अपिलानंतर बाद.’ ‘अपिलानंतर’ विसरू नका. अपील नसेल तर पंच स्वतःहून बाद देत नाही.

स्कोअररताई:
एक राहिलं. झेल घेताना अडवलं तर बाद कोण? नॉनस्ट्रायकरने धक्का दिला तरी स्ट्रायकर बाद होतो, कारण त्याचाच झेल वाचला. नोबॉल असेल तर मात्र अडवणाराच बाद, कारण त्यावर झेलबाद होतच नाही. हे पत्रकात नसेल तर पहिल्याच सामन्यात तंबूतून आवाज येईल: ‘अडवलं त्याने, बाद हा का?’

दांडियाबाजारकर:
हे खरंच माहीत नव्हतं. तिसरी ओळ करतो: ‘नोबॉल नसेल आणि फलंदाजाने झेल मुद्दाम अडवला तर स्ट्रायकर बाद, अडवणारा दोघांपैकी कोणीही असो.’ दिशा बदलण्याच्या ओळीवर समितीत मत घेऊ. ‘मांकडिंग’ काढतोय, पण माइकवरचे समालोचक ऐकतील असं वाटत नाही.