शब्दचर्चा : ‘क्रमाला महत्त्व नाही’ म्हणजे नेमका कुठला क्रम?

खानापूरकर
मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुस्तक इंग्रजीत आणि सर समजावतात कन्नडमध्ये. गणित असं : दहा जणांतून तिघांची समिती किती प्रकारे निवडता येईल? तिनं १० × ९ × ८ करून ७२० आणलं. पुस्तकात १२० आहे. सरांनी वहीत शेरा मारलाय की क्रमाला महत्त्व नाही. तिचं म्हणणं, कुणीतरी आधी निवडला जाणार, कुणीतरी नंतर, मग क्रम आहेच की! त्यात कन्नडमध्ये या प्रकाराला ‘विकल्प’ म्हणतात आणि आपल्याकडे विकल्प म्हणजे पर्याय, त्यामुळे आणखीच घोळ. इथं ‘क्रम’ शब्दाचा अर्थ काय घ्यायचा?

चिक्कोडीचा अण्णा
सोपं आहे. तिघे आहेत म्हणून एकच समिती तीनदा मोजली गेली, तेव्हा ७२० ला ३ नं भागायचं. २४० येतं. पुस्तकात छपाईची चूक असणार.

निवृत्त मास्तर, टिळकवाडी
अण्णा, रस्ता बरोबर धरलात, पण अर्ध्यावर उतरलात. एकच समिती अनेकदा मोजली गेली हे खरं. किती वेळा, ते मोजून बघू.

समजा वाचनालयाच्या दहा सभासदांतून पुस्तक खरेदीसाठी तिघे निवडायचेत आणि शांता, मारुती, रेणुका निवडले गेले. मुलीच्या ७२० मध्ये हे तिघे कुठंकुठं येतात? शांता-मारुती-रेणुका. शांता-रेणुका-मारुती. मारुती-शांता-रेणुका. मारुती-रेणुका-शांता. रेणुका-शांता-मारुती. रेणुका-मारुती-शांता. सहा वेळा. पहिलं नाव तिघांतलं कुठलंही, दुसरं उरलेल्या दोघांतलं, तिसरं आपोआप ठरतं, म्हणून ३ × २ × १. अण्णांनी पहिल्या नावाचे तीन प्रकार धरले आणि मागच्या दोघांची अदलाबदल सोडून दिली.

प्रोसिडिंगमध्ये या सहाही वेळा नोंद एकच होणार, ‘खरेदी समितीवर शांता, मारुती व रेणुका यांची निवड करण्यात आली.’ म्हणून ७२० भागिले ६, म्हणजे १२०.

ताळा करायचा तर आकडे लहान घ्या. चौघांतून तिघे निवडणं म्हणजे एकाला बाहेर ठेवणं. बाहेर कोण, याचे चारच प्रकार, म्हणून समित्याही चारच. मुलीच्या पद्धतीनं ४ × ३ × २ = २४. सहानं भागलं तर चार येतात, तिनानं भागलं तर आठ. चौघांतून आठ वेगवेगळ्या समित्या कुणी काढून दाखवाव्यात.

चिक्कोडीचा अण्णा
नाही निघत. चारच निघतात. पुस्तकवाल्याला उगाच दोष दिला.

खानापूरकर
भागाकार समजला. पण ती म्हणते, चिठ्ठ्या काढल्या तर एक चिठ्ठी आधी निघते आणि एक नंतर, हे तर डोळ्यांनी दिसतं. मग क्रम नाही असं कसं म्हणायचं?

निवृत्त मास्तर, टिळकवाडी
क्रम नाही असं कुणी म्हटलेलंच नाही. शेऱ्यात ‘क्रमाला महत्त्व नाही’ असं आहे. चिठ्ठ्या एकामागून एकच निघणार, त्याला इलाज नाही. प्रश्न एवढाच, की काम उरकल्यावर हाती जे पडतं त्यात कोण आधी निघालं याची खूण राहते का? पहिल्या आणि तिसऱ्या चिठ्ठीची अदलाबदल करा आणि समिती बघा. तीच राहिली तर क्रम पुसला गेला. बदलली तर क्रम मोजावा लागेल. वर्गात मी ‘निवड’ आणि ‘नेमणूक’ हे दोन शब्द वापरत असे. समितीवर निवड होते, पदावर नेमणूक होते. पुस्तकांतले ‘समचय’ आणि ‘क्रमचय’ तोंडपाठ होतात, पण पोरांना त्यांतून चित्र दिसत नाही.

निपाणीची ताई
थांबा मास्तर. आमच्या बचत गटात दहाच बायका आहेत आणि तिघींचीच समिती आहे, पण अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी. त्याच तिघी ठेवून सचिव आणि खजिनदार बदलल्या तर आम्हाला ती दुसरी समिती. बँकेत सह्या बदलाव्या लागतात! मग आमचं उत्तर १२० कसं?

निवृत्त मास्तर, टिळकवाडी
नाहीच. तुमचं ७२०. खानापूरकरांच्या मुलीनं खरं तर तुमच्या गटाचं गणित सोडवलंय. प्रत्येक खुर्चीला वेगळं नाव आलं की अदलाबदलीनं फरक पडतो आणि सहानं भागायचं कारण उरत नाही.

अथणीहून
आमच्या सोसायटीत समिती तिघांची, त्यात एकच अध्यक्ष, बाकी दोघे नुसते सदस्य. पद आलं म्हणजे ७२०, बरोबर ना?

निपाणीची ताई
नाही हो. तुमचे दोघे सदस्य आपसांत बदलले तर काय फरक पडला? दोघांच्याही खुर्चीला नाव एकच. म्हणजे तुमच्यात अर्धा क्रम महत्त्वाचा आणि अर्धा नाही.

निवृत्त मास्तर, टिळकवाडी
ताईंनी बरोबर पकडलं. अध्यक्ष दहांतून एक, मग उरलेल्या नऊ जणांतून दोघे. नऊ जणांतून जोड्या ९ × ८ भागिले २, म्हणजे ३६. दहा छत्तीस ३६०. दुसऱ्या बाजूनं या : आधी १२० पैकी एक समिती निवडा, मग त्या तिघांतून अध्यक्ष करा. १२० × ३, परत ३६०. दोन वाटांनी एकच आकडा आला की जिवाला बरं वाटतं. तेव्हा ‘क्रम’ म्हणजे रांग असं धरून बसू नका. पदं वेगळी असली तरी गणिताच्या भाषेत तो क्रमच.

वडगावचा विणकर
माझं बघा की ओ मास्तर. साडीच्या काठाला तीन वेगवेगळ्या रंगांचे पट्टे घालायचे असतात. दहा रंगांचं सूत घरात आहे. लाल-पिवळा-हिरवा आणि पिवळा-लाल-हिरवा ही दुकानदाराला दोन वेगळी डिझाइनं. मला १२० म्हणून कसं चालेल?

निवृत्त मास्तर, टिळकवाडी
तुमचा प्रश्न समितीचा नाहीच, मांडणीचा आहे. ७२०. सुताचे तीन रंग नुसते गिऱ्हाइकासमोर टेबलावर ठेवायचे असते, तर १२०.

वडगावचा विणकर
आणि टॉवेलाच्या मधोमध पट्टे असले तर? टॉवेल फिरवला की लाल-पिवळा-हिरवा हाच हिरवा-पिवळा-लाल होतो. मग दोन धरायचे की एक?

अथणीहून
हे आता गणित राहिलं नाही, वाद झाला.

निपाणीची ताई
मला दुसरंच अडलंय. गावात उत्सवाची समिती करायची आहे. दहा जण इच्छुक, त्यांत चार बायका. तिघांत निदान एक बाई हवी असं ठरलंय. मी असं केलं : आधी चौघींतून एक बाई घेतली, ४ प्रकार. मग उरलेल्या नऊ जणांतून कुणीही दोघे, ३६ प्रकार. ४ × ३६ = १४४. पण एकूण समित्याच १२०! अट घातल्यावर समित्या वाढल्या कशा?

चिक्कोडीचा अण्णा
दोनानं भागा. ७२.

निपाणीची ताई
का म्हणून?

चिक्कोडीचा अण्णा
काहीतरी दोनदा मोजलं गेलंय म्हणून.

निवृत्त मास्तर, टिळकवाडी
अण्णा, सगळ्याच समित्या दोनदा मोजल्या गेल्या असत्या तर भागाकार चालला असता. इथं काही एकदा, काही दोनदा, काही तीनदा मोजल्या गेल्यात, म्हणून एका आकड्यानं भागून सुटका नाही. फॉर्म्युला पाठ असलेली पोरंही इथंच हमखास पडतात.

ताई, तुम्ही ‘आधी एक बाई घेतली’ म्हणालात तिथंच नकळत एक पद तयार झालं, ‘राखीव जागेवरची बाई’. समजा समितीत शांता, रेणुका आणि मारुती आहेत. तुमच्या हिशेबात शांता राखीव जागेवर आणि रेणुका उरलेल्यांतून, असं एकदा आलं. मग रेणुका राखीव जागेवर आणि शांता उरलेल्यांतून, असं परत आलं. समिती मात्र एकच. तिघी बायका असल्या तर तीनदा.

नीट सुटे करू. एक बाई, दोन पुरुष : चार बायका, आणि सहा पुरुषांतून जोड्या १५, म्हणून ६०. दोन बाया, एक पुरुष : चौघींतून जोड्या ६, पुरुष ६, म्हणून ३६. तिघी बायका : चौघींतून एकीला वगळायचं, म्हणून ४. बेरीज १००. आता तुमची चूक तपासा : ६० एकदा, ३६ दोनदा म्हणजे ७२, ४ तीनदा म्हणजे १२. एकूण १४४. हिशेब तंतोतंत जुळतो.

जवळची वाट हवी तर उलट बाजूनं या. एकही बाई नसलेली समिती सहा पुरुषांतूनच होणार, ६ × ५ × ४ भागिले ६, म्हणजे २०. एकशे वीस वजा वीस, शंभर.

निपाणीची ताई
हे आवडलं. मोजणी १२० च्या वर गेली तेव्हाच संशय आला म्हणून बरं.

निवृत्त मास्तर, टिळकवाडी
इथं संशय आला, दर वेळी येईलच असं नाही. तुमच्या गावात चारऐवजी दोनच बायका इच्छुक असत्या तर या पद्धतीनं २ × ३६ = ७२ आलं असतं. १२० च्या आत, म्हणून कुणी शंका घेतली नसती. खरं उत्तर ६४ : आठ पुरुषांतून तिघे ५६ प्रकारे, १२० वजा ५६. जादाचे आठ कुठले? दोघीही समितीत आणि तिसरा पुरुष आठांपैकी कुणीही, त्या आठ समित्या दोनदा मोजल्या गेल्या.

खानापूरकर
मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणते, पुस्तकात १०! भागिले ७! भागिले ३! लिहिलंय, तो ७! कुठून आला?

निवृत्त मास्तर, टिळकवाडी
१०! म्हणजे १० पासून १ पर्यंतचा गुणाकार. तो लिहिला की ७ पासून खालचा भाग, म्हणजे ७!, बाहेर राहिलेल्या सात जणांचा. ते बाहेर कुठल्या क्रमानं उभे आहेत यालाही महत्त्व नाही, म्हणून तो भागाकारात जातो. हातानं करायचं तर एवढं लांब जाऊ नये. भास्कराचार्यांनी लीलावतीत सांगितलेली रीत बरी : एका ओळीत उलटे अंक १०, ९, ८, खाली सुलटे १, २, ३. वरच्यांचा गुणाकार, खालच्यांनी भागाकार. त्यांनी तिथं सहा रसांची उदाहरणं घेतलीत. एकेक रस ६, दोन-दोन १५, तीन-तीन २०, चार-चार १५, पाच-पाच ६, सहाही १, एकूण ६३. गोड-आंबट म्हटलं काय नि आंबट-गोड म्हटलं काय, मिश्रण एकच.

अथणीहून
भास्कराचार्य आमच्या विजापूरकडचे, हे लिहायचं राहिलं.

निवृत्त मास्तर, टिळकवाडी
त्यावर चाळीसगावकर भांडायला येतील. तो वाद वेगळा काढा.

खानापूरकर
शेवटचं. मुलीला परीक्षेत ‘विकल्प’ लिहू दे की ‘समचय’?

निवृत्त मास्तर, टिळकवाडी
पेपर इंग्रजीत आहे तर इंग्रजीतलाच शब्द लिहू दे. घरी मात्र ‘निवड’ म्हणा. ‘विकल्प’ शब्दात माझ्या मते चूक काही नाही, निवडीचे जितके पर्याय तितके विकल्प. पण मराठी पोराला तो ऐकून ‘हे किंवा ते’ एवढंच सुचतं.

चिक्कोडीचा अण्णा
माझ्या मते विकल्पच बरा. समचय माझ्या नातवाला म्हणताच येत नाही.

वडगावचा विणकर
टॉवेलाचं राहिलं हं मास्तर.

निवृत्त मास्तर, टिळकवाडी
फिरवलेला टॉवेल तुम्ही एकच डिझाइन धरत असाल तर दर दोन मांडण्यांची एक होते, ३६०. दोन धरत असाल तर ७२०. काय धरायचं ते गणित सांगत नाही, तुमचा दुकानदार सांगेल.

वडगावचा विणकर
तो पैसे एकाचेच देतो.