मदत हवी आहे: ४० डबे गेले, ओडू म्हणतंय ३०च पोचले

सराफ्याची_सून:
इंदूरहून लिहितेय, आमचं दिवाळीच्या नमकीन डब्यांचं काम आहे. ओडू १६ सॉफ्टवेअरमध्ये डबा किट केलाय, म्हणजे ऑर्डरवर एक ओळ पण पिकिंगला लवंग सेव २ पाकिटं, चिवडा १, सोनपापडी १, खोका १ असं फुटून येतं. ४० डब्यांची ऑर्डर होती, सेव ८० लागायची तर ६०च निघाली, मग पॅकिंगच्या पोरानं शेवटच्या १० डब्यांत रतलामी सेवेची २० पाकिटं घातली आणि पिकिंगमध्येच वेगळी ओळ टाकून मोकळा झाला. गिऱ्हाईक खूश. पण आता ऑर्डरवर डिलिव्हर्ड ३० दिसतंय, खाली रतलामी २० सुटी आलीये, २० लवंगची बॅकऑर्डर लटकलीये. बिल डिलिव्हर्डवरच होतं आमच्याकडे. ४० कसे करू?

बडोद्याचा_मन्या:
किट करूच नका ना. आम्ही पूजेचे सेट मॅन्युफॅक्चरिंग ऑर्डरनं आधीच बांधून ठेवतो, मग पिकिंगला अख्खा सेट एकच नग येतो.

सराफ्याची_सून:
दादा, आमचे डबे ऑर्डर आल्यावरच भरतात, नमकीन आधी भरून ठेवलं की तक्रारी येतात.

छावणीकर:
सोप्पंय, किटच्या सामानाच्या यादीत, म्हणजे बीओएममध्ये, लवंगऐवजी रतलामी करा, होतील ४०.

गोडाऊनवाले_काका:
तसं मुळीच करू नका, जुन्या ऑर्डरींचा हिशोबही त्याच बीओएमवरून चालतो, बाकीच्या ऑर्डरी पण हलतील. छावणीकरांचं एवढं बरोबर की रतलामीला बीओएम हवा, पण तो नव्या आयटमला.

ताई, सिस्टीम पूर्ण किटच मोजते, म्हणजे जो घटक सगळ्यात कमी गेला त्यावरून. ६० भागिले २, तीस. रतलामीची ओळ किटला बांधलेलीच नाही, त्यामुळे हजार पाकिटं घातली तरी आकडा हलणार नाही. सेव एकही गेली नसती तर ० दाखवलं असतं.

आता आधी बॅकऑर्डर रद्द करा. मग त्याच डिलिव्हरीवरून रिटर्न काढा, चिवडा १०, सोनपापडी १०, खोके १०, रतलामी २०, लवंगला हात लावू नका. ऑर्डरची संख्या अपडेट करायची टिक राहू द्या. जुनी ओळ ४० ची ३० करा, 'रतलामी डबा' नावाचं नवं किट करून १० ची ओळ टाका आणि तेच सामान परत डिलिव्हर करा. माल जागचा हलत नाही, नुसती कागदाची ये-जा. आणि त्या पोराला सांगा, सेव बदलली की आधी ऑर्डर बदलायची, मगच डबा भरायचा.

सराफ्याची_सून:
काका, एका टेस्ट ऑर्डरवर केलं, जमलं! ३० आणि १०. पण खऱ्या ऑर्डरीत चिवड्याला लॉट नंबर आहे, ४० पाकिटं दोन लॉटमधून गेली होती. रिटर्नला कुठला लॉट धरू? रतलामीच्या डब्यांत कुठला गेला ते पोराला आठवत नाही.

गोडाऊनवाले_काका:
मग अवघड आहे. कुणी लॉटवालं आहे का इथे?