मदत हवी आहे: गणपतीच्या आराशीचा लेख यंदा कधी टाकू?

ओसरी: गेल्या वर्षी गणपती 27 ऑगस्टला होते. आराशीचा लेख मी 18 ऑगस्टला टाकला आणि गुगलच्या शोधात तो आला 30 ऑगस्टला. तोवर दीड दिवसाचे गणपती विसर्जनसुद्धा झाले होते! यंदा गणपती 14 सप्टेंबरला आहेत. किती दिवस आधी टाकू? नेमका आकडा सांगा, फोटो तयार आहेत.

भिरभिरं: सणाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता टाका. माझ्या रीलला तेव्हाच सगळ्यात जास्त प्रतिसाद मिळतो.

ओसरी: अहो, रील नाही. ब्लॉगवरचा लेख आहे.

जुनंजाणतं: आकडा सांगतो, पण आधी हे सांगा. ते 12 दिवस सर्च कन्सोलमध्ये पानाची स्थिती काय दिसत होती? पानाचा पत्ता काय आहे? आणि साइटवरच्या दुसऱ्या कुठल्या पानावरून त्याला दुवा दिला होता का?

ओसरी: स्थिती `Discovered – currently not indexed` अशी होती. पत्त्याचा शेवट `/ganpati-aras-2025/` असा आहे. दुव्याचं लक्षात नाही, साइटमॅपमध्ये तर होतं.

झटपट: इंडेक्सिंग एपीआय जोडा, काही तासांत काम होतं. मी सगळे लेख असेच पाठवतो.

जुनंजाणतं: झटपट, ती सोय गुगलने नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांसाठी ठेवली आहे. आराशीचा लेख त्यात बसत नाही, त्यामुळे नव्या माणसाला तो रस्ता दाखवू नका.

झटपट: माझं तर चालतंय.

जुनंजाणतं: ते लेख एपीआयमुळे आले की एरवीही आले असते, हे तुम्ही कसं ठरवलं?

ओसरी, तुमच्या स्थितीचा अर्थ असा की गुगलला पत्ता कळला होता, पण त्याने पान उघडून पाहिलं नव्हतं. म्हणजे मजकुरात खोट काढायला तो तिथवर पोचलाच नव्हता. तपासणीत `Referring page` समोर काय आहे ते बघा.

ओसरी: `None detected`.

जुनंजाणतं: मग मला गाठ तिथेच दिसते. साइटमॅपमुळे पत्ता कळतो, पण ज्या पानाला साइटवरून कुठूनच वाट नाही, ते रांगेत मागे राहू शकतं. मुखपृष्ठावरून आणि नेहमी वाचल्या जाणाऱ्या दोन-तीन जुन्या लेखांतून त्याला दुवा द्या.

आता तारीख. तुमचं पान मागणी चढताना शोधात नव्हतंच, म्हणून त्याचा आलेख इथे कामाचा नाही. गणपतीवरचा दुसरा एखादा लेख तेव्हा शोधात होता का?

ओसरी: हो, मखराचा. त्याची इंप्रेशन्स 20 जुलैपासून चढलेली दिसतात. म्हणजे यंदाही 20 जुलै धरू?

जुनंजाणतं: नाही, इथेच घोळ होतो. तारीख धरू नका, सणापासूनचं अंतर धरा. 20 जुलै ते 27 ऑगस्ट म्हणजे 38 दिवस. यंदा अधिक ज्येष्ठ आल्याने गणपती 18 दिवस पुढे गेलेत, तेव्हा 14 सप्टेंबरच्या 38 दिवस आधी, म्हणजे 7 ऑगस्टला चढ सुरू होईल असं धरा. त्याआधी तुमच्या साइटला लागलेले 12 दिवस सोडले, तर 26 जुलै येतो. ही अगदी शेवटची तारीख समजा. शोधात आल्यावर जागा पक्की व्हायला आणखी वेळ जातो, म्हणून मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात टाकेन. आणि हा आलेख आजच उतरवून ठेवा. कन्सोल 16 महिन्यांपलीकडचं ठेवत नाही.

शेवंती: मी दरवर्षी नवं पान करते. लोक शोधताना साल लिहितात, पत्त्यात 2026 हवंच.

जुनंजाणतं: शेवंतीताई, साल शीर्षकात घाला, पत्त्यात कशाला? दरवर्षी नवं पान म्हणजे दरवर्षी शून्यापासून सुरुवात, आणि आपलीच दोन पानं एकमेकांच्या आड येतात. ओसरी, सालाविना पत्ता करा आणि जुना तिकडे वळवा. सर्व्हर अपाची असेल तर एवढं पुरे:

```
Redirect 301 /ganpati-aras-2025/ /ganpati-aras/
```

पण हे आताच, जूनमध्ये करा. ऐन हंगामात पत्ता हलवलात तर पान काही दिवस डळमळू शकतं.

शेवंती: माझी जुनी पानंही अजून वाचली जातात, ती का मोडू? गेल्या वर्षीची आरास बघायलाही लोक येतात.

झटपट: आणि लेखाची तारीख रोज बदलत राहा, ताजा दिसतो.

जुनंजाणतं: मजकूर तोच ठेवून नुसती तारीख बदलू नका. साइटमॅपमधली `lastmod` खरी नसेल, तर गुगल ती विचारात घेणं सोडतं. नवे फोटो, नवी मापं घातली की मग बदला.

ओसरी: पत्ता वळवला, मुखपृष्ठावरून आणि मखराच्या लेखातून दुवे दिले, तपासणीत `Request indexing`ही दाबलं. नवे फोटो 3 जुलैला चढवते. पण जुन्या पानाखाली 40 प्रतिक्रिया आहेत, त्यात 2025 च्या तारखा आहेत. त्या ठेवू की काढू?

शेवंती: काढू नका! लोकांनी मापं विचारली असतील, त्यांची उत्तरं त्यातच असणार.