मदत हवी आहे: शंभर टक्के मॅच लॉक होऊन येतात, पण त्यातलंच वाक्य चुकीच्या जागी बसलं असेल तर?

शेवटची लोकल
नमस्कार मंडळी. अंधेरीच्या एका एजन्सीसाठी इंग्रजीतून मराठी अनुवाद करते, बहुतेक काम विम्याच्या माहितीपुस्तिकांचं. तीच पुस्तिका दरवर्षी थोडेफार बदल करून परत येते, त्यामुळे टीएमने, म्हणजे जुने अनुवाद साठवून ठेवणाऱ्या मेमरीने, काम किती हलकं होतं हे मला कुणी सांगायला नको. यंदाची पुस्तिका १४,२०० शब्दांची. त्यात ९,६०० शब्द शंभर टक्के मॅच, २,३०० फझी म्हणजे थोडेफार वेगळे, आणि २,३०० नवे. शंभर टक्क्यांचे पैसे शून्य, फझीचे निम्मे. म्हणजे बिल ३,४५० शब्दांचं. यावर माझी तक्रार नाही, कारण शंभरवाले सेगमेंट लॉक असतात, त्यांना हात लावायचा नसतो.

अडलंय ते असं. गेल्या वर्षी पॉलिसीच्या प्रकरणात एक वाक्य होतं, ‘इट विल बी कॅन्सल्ड इफ द डॉक्युमेंट्स आर नॉट सबमिटेड’. अनुवाद होता ‘कागदपत्रे सादर न केल्यास ती रद्द केली जाईल’. तिथे तो बरोबरच होता. यंदा तेच इंग्रजी वाक्य दाव्याच्या प्रकरणातही आलंय आणि टीएमने तोच अनुवाद चिकटवून लॉक केलाय. आता वाचणाऱ्याला वाटणार, कागद राहिले तर पॉलिसीच जाते. प्रत्यक्षात जातो तो दावा. एजन्सीच्या प्रोजेक्ट मॅनेजरला, म्हणजे पीएमला, कळवलं तर उत्तर आलं, ‘हिरवं आहे ना, सोडून द्या.’

अशी वाक्यं आणखी किती असतील, ती सगळी न वाचता शोधता येतात का? आणि पीएमला नेमकं काय लिहू?

तिसरा जिना
ताई, टूलचा दोष नाही हा. शंभर टक्के म्हणजे मूळ वाक्य अक्षरशः तेच, मग अनुवादही तोच येणार. खरा धोका फझीत आहे. माझ्याकडे एकदा आलेलं वाक्य सांगतो, ‘द क्लेम इज पेएबल इफ द इन्शुअर्ड इज ॲडमिटेड टू द हॉस्पिटल विदिन ३० डेज ऑफ द ॲक्सिडेंट’. नव्या मजकुरात ‘पेएबल’च्या आधी ‘नॉट’ घुसलेला. टूलने जुना अनुवाद पुढे केला, ‘दावा देय आहे’. घाईत एंटर मारला की संपलं. तेव्हापासून मी फझीची मर्यादा ८५ वर ठेवतो, त्याखालचं दिसतच नाही. डोक्याला ताप नाही.

दुसरं वाचन
तिसरा जिना, तुमचं उदाहरण चांगलंय, पण ते तुमच्या उपायाच्या विरोधात जातं. ‘नॉट’ धरून वाक्य एकोणीस शब्दांचं, त्यातला एक शब्द वेगळा, म्हणजे मॅच साधारण ९४-९५ टक्के. तुमची ८५ ची चाळणी त्याला अडवणार नाही, उलट तोच सगळ्यात वर दिसेल. टूल किती शब्द बदलले ते मोजतं, कुठला बदलला ते नाही. वाक्य जितकं लांब तितका एकटा ‘नॉट’ स्वस्त पडतो. ८५ च्या खालचे मॅच लपवून मात्र त्यातले कामाला येणारे तुकडे तुम्ही परत टाइप करत बसता.

‘अक्षरशः तेच’ हेही पूर्ण खरं नाही. ट्रॅडॉससारखी टूलं आकडे आपोआप बदलून घेतात. जुन्यात ३० आणि नव्यात ४५ असलं तरी मॅच शंभर दिसू शकतो. जुन्या अनुवादात कुणी ‘तीस दिवस’ असं अक्षरी लिहिलं असेल, तर टूलला बदलायला आकडाच सापडत नाही. तिथे नीट बघावं.

आता शेवटची लोकल यांच्या प्रश्नाकडे. शंभराचे दोन प्रकार असतात. एकात फक्त वाक्य जुळतं. दुसऱ्यात शेजारचा मजकूरही जुळतो, त्याला मेमोक्यू १०१ दाखवतं, ट्रॅडॉस ‘सीएम’ लिहितं. तुमच्या वाक्याच्या आधी गेल्या वर्षी पॉलिसीबद्दलचं वाक्य होतं, यंदा दाव्याबद्दलचं आहे. म्हणून तो साधा शंभर असणार, १०१ नाही. एजन्सीने दोन्ही सरसकट लॉक केलेत, घोळ तिथे आहे. सगळी ९,६०० शब्दांची रास वाचू नका. आधी साधे शंभर वेगळे काढा, मग त्यात सर्वनामाने सुरू होणारी वाक्यं शोधा. रेगएक्स फिल्टर चालू करून मूळ भाषेच्या रकान्यात हे टाका:

```
^(It|They|This|These)\b
```

इंग्रजीला ‘इट’ एकच पुरतं, आपल्याला पॉलिसी ती, दावा तो, कार्ड ते. त्यामुळे चुका इथेच साचतात. वाक्याच्या मधे आलेलं ‘इट’ यात सापडणार नाही, एकट्या शब्दांची शीर्षकंही नाहीत. ती वेगळी चाळावी लागतील.

गिरगाव डीटीपी
मेमरीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्याकडे मराठी-इंग्रजी पत्रकांच्या ढीगभर जुन्या फायली आहेत. त्यांची टीएम बनवता येईल का? ओमेगाटीत टाकून पाहिलं, मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं.

दुसरं वाचन
दादा, फायली श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटातल्या दिसतात. आधी युनिकोडमध्ये करून घ्या, मग दोन्ही भाषा अलाइन करा. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहितो.

तिसरा जिना
आकड्यांचं माहीत नव्हतं, बघतो. पण ताईंच्या वाक्याला सोपी पळवाट आहे की. ‘कागदपत्रे सादर न केल्यास रद्द होईल’ असंच लिहायचं. ना तो, ना ती. कुठल्याही प्रकरणात चालेल आणि टीएममध्येही एकच राहील.

दुसरं वाचन
भविष्यकाळात चालेल, मान्य. ‘इट वॉज कॅन्सल्ड’ आलं की ‘झाला’, ‘झाली’ परत दारात. आणि काय रद्द होईल हे विम्याच्या कागदात मोघम ठेवायला मी तरी धजणार नाही. मी ‘दावा रद्द केला जाईल’ असं स्पष्ट लिहितो. मात्र हे जपून, कारण टीएममध्ये जुन्यावर हे लिहिलं गेलं, तर पुढच्या वर्षी पॉलिसीच्या प्रकरणात ‘दावा’ येऊन बसेल. मेमरी संदर्भासकट साठवणारी असेल आणि एका वाक्याचे दोन अनुवाद ठेवू देत असेल, तरच दोन्ही नांदतात. ओमेगाटीत पर्यायी अनुवाद म्हणून साठवायची सोय आहे. एजन्सीची मेमरी कशी बनवलीय, हे आधी विचारा.

शेवटची लोकल
खूप आभार. फिल्टर लावला. साध्या शंभरांत सर्वनामवाली ३७ वाक्यं निघाली. पहिली दहा वाचली, त्यात चार चुकीच्या लिंगात. त्यातल्या दोन ठिकाणी अर्थच बदलतोय, दोन नुसती कानाला खटकतात.

दुसरं वाचन
मग पीएमला तत्त्वज्ञान लिहू नका. अर्थ बदलणाऱ्या दोन वाक्यांचे सेगमेंट क्रमांक, आधीचं वाक्य, आत्ता काय छापलं जाईल आणि काय हवं, एवढंच द्या. खाली मागणी: लॉक फक्त १०१ ला, साधे शंभर उघडे ठेवून तपासणीचा दर.

तिसरा जिना
दर मिळणार नाही, लिहून घ्या. क्लायंटने शंभराचे पैसे एजन्सीलाच दिलेले नसतात. माझ्या मते ताईंनी मेलवर कळवून हात झटकावेत.

शेवटची लोकल
मेल पाठवलाय. पीएमने दोन्ही वाक्यं उघडून दिली, बाकीच्या ३५ बद्दल ‘क्लायंटला विचारून सांगतो’. दराबद्दल अवाक्षर नाही. उरलेली सत्तावीस आत्ता वाचू की उत्तर येईपर्यंत थांबू? शुक्रवारी डिलिव्हरी आहे.