टॉर्क पुरतोय, मग इनर्शियाच्या रेशोची भीती कशाला?

नवा_डिझायनर: भोसरीतल्या एका छोट्या एसपीएम शॉपसाठी इंडेक्सिंग टेबल करतोय. फिक्श्चरसकट टेबलाचा इनर्शिया २ kg·m². अर्ध्या सेकंदात ९० अंश फिरायचं, मग दीड सेकंद उभं राहायचं. घर्षण टेबलापाशी साधारण ६ न्यूटन-मीटर. सर्वो ७५० वॅटची: रेटेड टॉर्क २.४, पीक ७.१ न्यूटन-मीटर, रेटेड स्पीड ३००० आरपीएम, रोटर ०.०००१ kg·m². १:२० चा प्लॅनेटरी गिअरबॉक्स शॉपमध्ये पडून आहे. माझ्या हिशेबाने टॉर्क पुरतो. ड्राइव्हवाला म्हणतो, इनर्शियाचा रेशो ५० येतोय, १० च्या वर जाऊ नका. हा नियम खरा, की मोठी मोटर खपवायची युक्ती?

चाकणकर: युक्तीच. निम्मा वेळ वेग वाढवायचा, निम्मा वेळ कमी करायचा असं धरलं तर टेबल ६० आरपीएमपर्यंत जातं आणि त्वरण २५ रेडियन प्रति सेकंद वर्ग येतं. म्हणजे टेबलाला ५० न्यूटन-मीटर. ते २० ने भागा, कार्यक्षमता ९० टक्के धरून ०.९ नेही भागा: २.८. घर्षणाचे ०.३३, रोटरचे स्वतःचे ०.०५. एकूण ३.२, पीकच्या निम्म्याहून कमी. थांबा धरून आरएमएस काढलं तर १.३५ च्या आसपास. मोटर कोमटसुद्धा होणार नाही. आणि डायरेक्ट ड्राइव्ह टेबलांवर हाच रेशो शेकड्यात असतो, ती काय मोडून पडतात?

ट्यूनिंगवाला: चाकणकर, आकडे बरोबर, पण डायरेक्ट ड्राइव्हचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. तिथे मध्ये गिअर नाही, म्हणजे बॅकलॅश नाही. इथे आहे.

मोटरला टेबल दिसतं ते २ भागिले २० चा वर्ग, म्हणजे ०.००५. रोटरच्या पन्नासपट. या जोडीला नीट आवरेल एवढा गेन ड्राइव्हमध्ये ठेवलात, म्हणजे ५१ भागांसाठी ठेवलात. पण टेबल थांबताना दात एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जातात, आणि त्या क्षणभरात मोटरला टेबल दिसतच नाही. उरतो एकटा रोटर, एक भाग. त्याच्यासाठी तोच गेन ५१ पट जास्त. रोटर दातांच्या फटीत इकडून तिकडे आपटतो आणि गिअरबॉक्स गुणगुणतो. गेन कमी केला की आवाज जातो, पण मग टेबल थांबल्यावरही डोलत राहतं. फसवं म्हणजे स्क्रीनवर ‘इन पोझिशन’ आलेलं असतं, कारण एन्कोडर मोटरवर आहे. डायल गेज टेबलाच्या कडेला लावा, खरं काय ते दिसेल.

१० हा आकडा काही पवित्र नाही. गिअर घट्ट आणि कपलिंग ताठ असेल तर जास्तही चालतो. पण ५० म्हणजे फारच.

पट्टेवाला: आमच्याकडे गोणी वाहणाऱ्या कन्व्हेयरला इंडक्शन मोटर, व्हीएफडी आणि वर्म गिअरबॉक्स आहे. हे असलं कधी मोजलं नाही, सहा वर्षं चालतोय.

ट्यूनिंगवाला: दादा, तुमचा पट्टा एकाच दिशेने जातो, दात कायम एकाच बाजूला टेकलेले असतात, आणि नेमक्या जागी थांबायचंही नसतं. तुम्हाला खरंच गरज नाही.

गणिती_बंडू: वर्गाने भागायचंय, तर १:१०० घ्या की! ०.०००२ उरतो, रेशो २. प्रश्न मिटला.

चाकणकर: बंडू, टेबल ६० आरपीएमला, मग मोटर ६००० ला. रेटेडच्या दुप्पट. मिटला तो मोटरचाच प्रश्न.

नवा_डिझायनर: मग १:४०? आणि गिअरबॉक्सच्या कॅटलॉगमधला इनर्शियाही वर्गाने भागायचा का?

ट्यूनिंगवाला: नाही, तिथेच बरेच जण चुकतात. तो आकडा बहुतेक इनपुट शाफ्टचा दिलेला असतो, तो मोटरच्या बाजूने तसाच मिळवायचा. आउटपुटला लावलेलं कपलिंग मात्र टेबलाच्या बाजूला, म्हणजे त्याला वर्गाने भाग.

१:४० ला टेबल ०.००१२५, रेशो साडेबारा, मोटर २४०० आरपीएमला, पीक टॉर्क सुमारे १.७. आणखी एक बघ. कार्यक्षमतेने भागायचं ते वेग वाढवताना. थांबवताना टेबल मोटरला ढकलत असतं, तेव्हा गुणायचं, कारण घर्षण तुझं काम करतं. दोन्हीकडे भागलंस तर उगाच मोठी मोटर येते.

रेशो सुधारायला मोटरच्या शाफ्टवर चकती बसवणारेही पाहिलेत. आकडा सुंदर होतो, टॉर्क मात्र चकती फिरवण्यात जातो.

चाकणकर: बॅकलॅशचं मान्य. तरी मी आधी शॉपमधला १:२० च लावून बघेन. दीड सेकंद उभंच राहायचंय, त्यातला पाव सेकंद स्थिर व्हायला दिला तर कमी गेनवर भागेल. नवा गिअरबॉक्स फुकट येत नाही.

ट्यूनिंगवाला: त्या दीड सेकंदात ड्रिल खाली येतं की नुसतं तपासणीचं काम आहे, त्यावर ठरेल.

नवा_डिझायनर: ड्रिल. आणि टेबल थांबल्यावर लगेच.

चाकणकर: हे आधी सांगायचंस! टेबलाला लॉकिंग पिन आहे का?